शेवट बसत नाही आणि रशेस तर सगळ्या पाहिल्यात: मारबतीच्या फिल्ममधला C0114

लक्षण असं असतं. माहितीपटाचा कट जवळपास तयार असतो. चित्र, आवाज, क्रम सगळं जागच्या जागी. तरी एक प्रसंग बसत नाही, आणि बहुतेक वेळा तो शेवटचाच असतो. पाहणाऱ्याला चूक दाखवता येत नाही, तो फक्त विचारतो, "संपलं का?" मग आपण कट दोन फ्रेम मागे घेतो, संगीत बदलतो, एक शॉट काढतो, दुसऱ्या दिवशी तोच परत टाकतो. माझ्या टेबलावर हे चार फिल्म्समध्ये झालं. त्यातल्या तीन वेळा दोष कटमध्ये नव्हताच. लागणारा शॉट कार्डावर होता, हार्ड डिस्कवर होता, प्रोजेक्टमध्येही होता, फक्त माझ्या डोळ्यांसमोर कधी आला नव्हता.

तिसऱ्या वेळची हकीकत सविस्तर सांगते. त्या रात्री नुसता शॉट शोधून भागलं नाही, तो कधीचा आहे हे सिद्धही करावं लागलं. आणि सिद्ध झाल्यावर आमची फिल्म आधी होती ती राहिली नाही.

फिल्म 22 मिनिटांची, नागपूरच्या मारबतीवर. विदर्भाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, इथे काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. काळी 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते, "घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक रोगराई आणि सगळी पीडा त्यांच्यासोबत गावाबाहेर धाडतात आणि शेवटी दहन होतं. त्यांच्याबरोबर बडगे निघतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा ताप झाला त्याचे पुतळे. आमची फिल्म असा एक बडग्या बांधणाऱ्या काकांवर होती. बांबू चिरून कामट्या काढायच्या, सुतळीनं सांगाडा बांधायचा, मैद्याच्या खळीनं कागद चढवायचा, वरून कापड. तीन आठवड्यांचं काम, आणि एका दुपारी सगळं जळून जाणार.

मुलाखतीत काका एक वाक्य बोलले होते. "एकदा का गल्लीतून बाहेर पडला, की मी वळून पाहत नाही. जाळाचीच वस्तू हाये थे. त्यात जीव कायले अडकवाचा?" दिग्दर्शिकेनं पहिल्याच दिवशी ठरवलं की फिल्मचा शेवट या वाक्यावर. मीही मान डोलावली. मिरवणूक निघते, बडग्या वळणावरून दिसेनासा होतो, काका अंगणातला कागदाचा कचरा झाडतात, वर त्यांचं हे वाक्य. कागदावर चोख शेवट. पण आठ जणांना कट दाखवला आणि आठही जण शेवटच्या दोन मिनिटांत गार पडले. एक जण म्हणाला, "काका भले माणूस वाटतात, पण मला त्यांचं काही वाटलं नाही."

सात आठवडे असेच गेले. शेवटाची अकरा व्हर्जन्स झाली.

शोध कुठून सुरू करायचा

ऑक्टोबरातली रात्र, महालातली माझी एडिट रूम, घड्याळात पावणेदोन. सकाळी दहाला दिग्दर्शिका फायनल कट बघायला येणार होती. टाइमलाइनवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून मी टाइमलाइन बंद केली आणि मूळ कार्डांच्या कॉपीकडे गेले. शेवट बसत नसेल तर हे काम पहिल्या आठवड्यातच करायला हवं, असं आता मी नेमानं सांगते.

अशा वेळी एडिटर आधी Usage किंवा Video Usage हा कॉलम उघडतो आणि एकदाही न वापरलेल्या क्लिप्स पाहतो. तेही करावं, पण त्याला एक मर्यादा आहे. न वापरलेल्या क्लिप्स शेकड्यांनी असतात, आणि त्यातल्या बहुतेक आपण पाहून बाजूला ठेवलेल्या असतात. पाहिल्याच नाहीत अशा क्लिप्स त्यात वेगळ्या दिसत नाहीत. दुसरी सवय म्हणजे एकूण संख्या जुळवणं. आमच्या पाच दिवसांच्या शूटमध्ये दोन कॅमेऱ्यांच्या सात कार्डांवर 431 क्लिप्स होत्या, आणि प्रोजेक्टमध्येही बरोबर 431. हा आकडा जुळलेला असल्यामुळेच मी सात आठवडे निर्धास्त होते. काही हरवलं नाही एवढंच तो आकडा सांगतो. कोणती क्लिप कोणत्या बिनमध्ये पडली, हे त्यातून कळत नाही.

म्हणून मी एकेक कार्ड वेगळं घेतलं. आमच्या कॅमेऱ्यांमध्ये व्हिडिओ PRIVATE/M4ROOT/CLIP या फोल्डरमध्ये जातो आणि फाइलना C0001, C0002 असे चढते नंबर मिळतात. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकू शकतं, पण एका कार्डावर नंबरांचा क्रम बदलत नाही. त्यामुळे फोल्डर तारखेनं लावायचा नाही, नावानं लावायचा. मग वहीत दोन रकाने करायचे: कार्डावरचा शेवटचा नंबर आणि त्या कार्डाच्या क्लिप्स ज्या बिनमध्ये आहेत तिथला शेवटचा नंबर. शेवटचा नंबर मुद्दाम पाहायचा. C0047 नंतर एकदम C0049 आला तर मधला खड्डा डोळ्यांना लगेच खुपतो. टोकाला पडलेला खड्डा दिसतच नाही, कारण कार्ड तिथेच संपलं असं आपण धरून चालतो.

चार कार्डं जुळली. पाचवं दुसऱ्या कॅमेऱ्याचं होतं, मिरवणुकीच्या दिवसाचं. बिनमध्ये शेवटची क्लिप C0111, कार्डावर C0114.

सगळ्या क्लिप्सची तारीख, वेळ आणि लांबी एका नजरेत पाहायची असेल तर कार्डाच्या कॉपीवर हे चालवा:

```
exiftool -T -FileName -CreateDate -Duration -ext MP4 CLIP
```

यात एक फसगत आहे. या फाइलमध्ये CreateDate सहसा यूटीसीमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे आपल्याकडची दुपारची साडेतीनची क्लिप तिथे सकाळी दहाची दिसते. साडेपाच तास मिळवूनच वाचा. किंवा प्रत्येक क्लिपसोबत कार्डावर एक छोटी XML फाइल असते, ती उघडा. तिच्यात वेळ टाइम झोनसकट असते. C0114M01.XML मध्ये मला ही ओळ मिळाली:

```
<CreationDate value="2017-01-01T00:06:41+05:30"/>
```

2017 साली ही फिल्म कोणाच्या डोक्यातही नव्हती. 1 जानेवारी, रात्री बारा वाजून सहा मिनिटं, आणि क्लिपच्या छोट्या चित्रात इतवारीच्या गल्लीत लख्ख ऊन पडलेलं.

घडलं होतं ते असं. दुसऱ्या कॅमेऱ्याची बॅटरी मिरवणुकीच्या ऐन गर्दीत संपली. बॅटरी काढली तरी घड्याळ चालू ठेवणारा एक छोटा सेल कॅमेऱ्याच्या आत असतो. कॅमेरा जुना, आतला सेल निकामी झालेला. नवी बॅटरी घातल्याबरोबर घड्याळ शून्यावर गेलं, स्क्रीनवर तारीख विचारली गेली आणि घाईत सहायक मुलीनं ती तशीच पुढे ढकलली. त्यानंतर तीन क्लिप्स झाल्या. पहिलीत चपला आणि डांबर, दुसरीत अर्धी काळी फ्रेम, आणि तिसरी C0114. आमच्याकडे तेव्हा बिन तारखेनुसार बनवायची पद्धत होती. Date Created वर लावल्यावर या तीन क्लिप्स शूटच्या पहिल्या दिवसाच्याही वर, यादीच्या माथ्यावर जाऊन बसल्या. पहिल्या दोन उघडून पाहणाऱ्याला वाटलं, कॅमेरा तपासताना घेतलेलं काहीतरी आहे, आणि तिन्ही "टेस्ट" नावाच्या बिनमध्ये गेल्या. त्याची चूक मी मानत नाही. त्याच्या जागी मी असते तरी दोन क्लिप्स पाहून तिसरी उघडली नसती.

C0114

लांबी 1 मिनिट 38 सेकंद. सुरुवातीचे वीस सेकंद फ्रेम हलते, फोकस पुढे-मागे शोधत राहतो. मग कॅमेरा कशावर तरी टेकतो, बहुधा ओट्यावर, आणि स्थिर होतो. गल्लीच्या तोंडाशी काका पाठमोरे उभे. पलीकडे वळणावर बडग्या लोकांच्या डोक्यांवरून डुलत चाललेला. काका पाहत आहेत. बडग्या दिसेनासा होतो, तरी पाहत आहेत. मग ते चार पावलं पुढे जातात, कोपऱ्यापर्यंत, आणि भिंतीला हात लावून पलीकडे वाकून पाहतात. तिथे बराच वेळ. फ्रेममधून गाय जाते, दोन पोरं पळत जातात. काका हलत नाहीत.

मी वळून पाहत नाही, असं हाच माणूस म्हणाला होता.

हा शॉट त्याच दिवसाचा आहे हे कशावरून?

पहाटेचे अडीच वाजले होते, आणि लगेच टाइमलाइनवर टाकायचा मोह मी आवरला. तारीख नसलेला शॉट माहितीपटात वापरणं धोक्याचं असतं. आदल्या दिवशी बडग्या सजवायला बाहेर काढला असेल, तेव्हाचा निघाला तर? मग आपण काकांच्या तोंडी नसलेली गोष्ट त्यांच्या पाठीवर लिहिली असं झालं असतं. नंबर C0111 च्या पुढचा आहे हा पहिला पुरावा, पण घड्याळ शून्यावर गेलेल्या कॅमेऱ्याबाबत मी एका पुराव्यावर थांबत नाही.

दुसरा पुरावा काकांच्या अंगठ्यावर मिळाला. मिरवणुकीच्या सकाळी कामटी तासताना त्यांचा डावा अंगठा कापला होता आणि त्यांनी बडग्याच्या धोतराच्या उरलेल्या लाल कापडाची चिंधी त्यावर गुंडाळली होती. मुख्य कॅमेऱ्यात हे सगळं आहे. C0114 मध्ये भिंतीवर टेकलेला हात डावा, आणि झूम करून पाहिलं तर अंगठ्यावर लाल ठिपका. म्हणजे शॉट त्या सकाळनंतरचा.

तिसरा पुरावा आवाजाचा, आणि इथे जपून चालावं लागतं. काकांच्या कॉलरला छोटा माइक होता आणि त्याचा रेकॉर्डर खिशात. तो सकाळी सव्वाआठला टाळी देऊन सुरू केलेला आणि दुपारी काढेपर्यंत चालूच होता. मिरवणूक बाहेर पडल्यावर मुख्य कॅमेरा तिच्यामागे गेला, त्यामुळे रेकॉर्डरच्या पुढच्या भागाला चित्रच नव्हतं, आणि मी त्या भागावर "वाया" अशी खूण करून ठेवली होती. कॅमेऱ्याचा स्वतःचा कच्चा आवाज आणि हा रेकॉर्डर जुळला, तर वेळ नक्की होणार होती.

सॉफ्टवेअरला वेव्हफॉर्मवरून जुळवायला सांगितलं तर त्यानं क्षणात जुळवून दिलं, आणि ते चूक होतं. मागे ढोल-ताशा असला की हे हमखास होतं. ठोका तोच, अंतर तेच, म्हणून एक ठोका पुढे किंवा मागे लावलं तरी लाटा सारख्याच दिसतात. अशा वेळी पुन्हा न येणारा आवाज शोधायचा. इथे तो होता: स्कूटरचा एक लांब हॉर्न आणि लगेच दुकानाचं शटर पडल्याचा खणका. ही जोडी रेकॉर्डरमध्ये 4 तास 31 मिनिटांवर सापडली, म्हणजे दुपारी पाऊण वाजून गेल्यावर, सुमारे 12:46. मुख्य कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं, आणि त्याच्या 12:45 ला सुरू झालेल्या क्लिपमध्ये बडग्या तेच वळण घेतो आणि मागे, दुरून, तोच हॉर्न आणि तोच खणका.

शटरचा खणका जुळवल्यावरही काकांच्या पावलांचा आवाज चित्रापेक्षा एक फ्रेम उशिरा येत होता. हा दोष नव्हे. 25 फ्रेमच्या फिल्ममध्ये एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात आवाज साधारण 14 मीटर जातो. कॅमेरा काकांपासून जवळपास तेवढाच लांब होता. खणका कॅमेऱ्यापर्यंत उशिरा पोचला, कॉलरच्या माइकला आधी मिळाला. माइकचा आवाज एक फ्रेम मागे सरकवला आणि पावलं जमिनीवर बसली.

मग हेडफोन लावून पूर्ण 1 मिनिट 38 सेकंद ऐकले. श्वास. सदऱ्याची सळसळ. भिंतीला हात लागल्याचा घासता आवाज. आणि काका कोपऱ्यावर वाकले तिथे, कोणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू: "हळू न्या रे... मान हालून राहिली त्याची."

शॉट मिळाल्यावर कट कसा बदलला

पहिला विचार सोपा होता: मुलाखतीतलं वाक्य, आणि लगेच हा शॉट. लावून पाहिला. त्यानं काका खोटं बोलताना पकडले गेल्यासारखे दिसले. हा क्रम मी पाच मिनिटांत मोडला. उलट क्रम, आधी शॉट आणि मग वाक्य, जास्त बरा होता. पण शेवटचा शब्द पुन्हा वाक्याचाच राहत होता, आणि आमचा शेवट सात आठवडे त्या वाक्यापायीच अडला होता. काकांनी स्वतःला सांगितलेली गोष्ट आम्ही फिल्मचा निष्कर्ष म्हणून लावली होती.

शेवटी वाक्य उचलून फिल्मच्या मध्यावर नेलं, काका खळ शिजवत आहेत तिथे. काम करता करता माणूस जसं काहीतरी बोलून जातो तसं ते वाटू लागलं. झाडू मारण्याचा शॉट पूर्ण काढला. संगीत काढलं. C0114 मधले 41 सेकंद शेवटी ठेवले, फोकस शोधतो आहे तिथली दोन सेकंदं धरून. स्टॅबिलायझर लावून पाहिला, तर भिंतीची कड पाण्यासारखी वाकू लागली, म्हणून हलणं तसंच ठेवलं. दिग्दर्शिका सकाळी दहाला आली, तिला मी काही न सांगता फिल्म लावली. ती शेवटी खुर्चीतून उठलीच नाही. मग म्हणाली, "हा कुठून आला?"

तुमच्याकडे हेच लक्षण असेल आणि घड्याळ बरोबर निघालं, तर आणखी दोन जागा पाहा. एक, क्लिपची शेपटी. "कट" म्हटल्यावरही कॅमेरा पाच-दहा सेकंद चालतो, आणि आपण इन-आउट लावलेल्या क्लिप्सच पुन्हा पुन्हा पाहत राहतो. माझ्या पहिल्या वेळचा शॉट असाच होता, आउटच्या सहा सेकंद पुढे. दोन, अर्धवट कॉपी झालेलं कार्ड. तिथे फाइल असते, पण उघडत नाही किंवा लांबी शून्य दाखवते. तेव्हा मूळ कार्ड पुसलेलं नसलं तरच काही आशा असते. आणि हे सगळं पाहूनही काही हाती लागलं नाही, तर दोष खरोखर कटमध्ये आहे. चौथ्या वेळी तसंच झालं होतं. तो प्रसंगच नको होता, तो काढल्यावर फिल्म सरळ झाली.

आता आम्ही बिन तारखेनं करत नाही, कार्डानं करतो. प्रत्येक बॅटरी बदलल्यावर कॅमेऱ्यासमोर मोबाइलचं घड्याळ धरून पाच सेकंद घेतो. कॅमेऱ्याची तारीख उद्या कितीही चुकली तरी खरी वेळ चित्रातच राहते. "टेस्ट" नावाचं बिन बंद केलं. शंका असलेली क्लिप तिच्या कार्डाच्या बिनमध्येच राहते आणि शेवटच्या सेकंदापर्यंत पाहिल्याशिवाय तिला रंगाची खूण मिळत नाही.

एक काम उरलं होतं. काकांनी मुलाखतीत काय म्हटलं हे त्यांना माहीत होतं. त्यांची पाठ काय करत होती हे त्यांना माहीत नव्हतं. न विचारता तो शॉट बाहेर नेणं दिग्दर्शिकेलाही पटेना. रविवारी आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकूंनी चहा ठेवला. काका खाटेवर बसले, लॅपटॉप स्टुलावर. पूर्ण फिल्म शांतपणे पाहिली. शेवटचा शॉट आला तसे ते पुढे झुकले, कोपऱ्यावर वाकले होते अगदी तसेच.

फिल्म संपली. दिग्दर्शिकेनं विचारलं, "काका, ठेवायचा का हा? नको असेल तर काढतो आम्ही."

"राहू द्या," ते म्हणाले. मग स्क्रीनकडे बोट दाखवून, "जरा मागं घ्या ना थे."

मी मागे घेतलं. बडग्या वळणावर आला तिथे त्यांनी थांबवायला सांगितलं आणि चष्मा वर सरकवून बारीक पाहिलं.

"पाहा, हाललीच होती मान. यंदा मानेत दोन कामट्या जास्त टाकतो."